मागच्या सीटला स्क्रीन लावा, पण हँडब्रेकच्या वायरला हात लावू देऊ नका

प्रश्न: दादा, नवीन सात सीटर घेतलीय, महिन्यातून एकदोनदा नाशिक-पुणे होतं. मागे दोन मुलं आणि आई असतात, म्हणून मागे दोन स्क्रीन लावायचेत, मोबाईलवरून कास्ट करता येतील असे. दुकानदार म्हणतो हँडब्रेकची वायर अर्थ करून देतो, म्हणजे चालू गाडीत समोरच्या स्क्रीनवर पण व्हिडिओ चालेल, आणि तसं केल्याशिवाय मागचे स्क्रीन चालणारच नाहीत. करून घेऊ का?

उत्तर:

नका करून घेऊ. मागचे स्क्रीन चालायला त्या वायरची काहीच गरज नाहीये. दुकानदार दोन वेगळी कामं एकत्र सांगतोय, कारण एक वायर बॉडीला लावून दिली की त्याचं काम संपतं, मागच्या स्क्रीनसाठी वेगळी लाईन ओढायची म्हटलं तर सीटचे ट्रिम उघडावे लागतात आणि अर्धा दिवस जातो. मी नाशकात बरीच वर्षं गाड्यांचं ऑडिओ-व्हिडिओचंच काम करतोय, त्यामुळे आधी ही वायर काय करते ते नीट सांगतो, मग मागचं काम कसं करून घ्यायचं ते.

हँडब्रेकच्या लिव्हरखाली एक छोटा स्विच असतो. लिव्हर वर ओढला की तो स्विच एक वायर बॉडीला म्हणजे अर्थला जोडतो आणि मीटरमधला लाल दिवा लागतो. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओला मागून एक वेगळी बारीक वायर येते, तिच्यावर ब्रेक किंवा पार्किंग असं लिहिलेलं असतं, ती या स्विचच्या वायरला जोडायची असते. वायरवर अर्थ आला की स्टिरिओ समजतो गाडी उभी आहे आणि व्हिडिओ दाखवतो, अर्थ गेला की चित्र बंद करून गाडी चालू असताना व्हिडिओ दिसणार नाही असा मेसेज टाकतो, आवाज मात्र चालू राहतो. बस एवढंच लॉक आहे. दुकानदार ती बारीक वायर स्टिरिओच्याच मागे एखाद्या स्क्रूखाली दाबून टाकतो, म्हणजे स्टिरिओला कायम वाटत राहतं की हँडब्रेक ओढलेलाय.

यात अजून एक गडबड होते जी गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. घाईत काम करणारा पोरगा कधीकधी स्टिरिओची वायर आधी हँडब्रेकच्या वायरला जोडतो आणि मग तोच जोड अर्थ करतो, म्हणजे गाडीची मूळ वायरच कायमची अर्थ झाली. मग मीटरमधला लाल ब्रेकचा दिवा विझतच नाही. बऱ्याच गाड्यांत तोच दिवा ब्रेक ऑइल कमी झालं की पण लागतो, आणि माणूस म्हणतो अरे ते स्टिरिओ लावल्यापासून तसंच आहे, आणि दुर्लक्ष करतो. म्हणजे व्हिडिओच्या नादात ब्रेक ऑइलची वॉर्निंग गेली. तुमच्या गाडीला बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर तिथे अशी सरळ वायर सापडतच नाही, हँडब्रेकचा, गिअरचा आणि स्पीडचा सिग्नल गाडीच्या डेटा लाईनवरून येतो, तिथे कोणी वायरी सोलायला लागला तर त्याला तिथेच थांबवा.

काही अँड्रॉइड स्टिरिओमध्ये वायर लागतच नाही, सेटिंगमध्येच चालू गाडीत व्हिडिओ बंद ठेवायचा एक ऑप्शन असतो आणि डिलिव्हरीच्या वेळी तो काढून दिलेला असतो. आणि आता तिसरा प्रकार आलाय, यूएसबीला लावायचा छोटा अँड्रॉइड बॉक्स, ज्याच्यात सिम टाकून सगळे व्हिडिओ अ‍ॅप कंपनीच्या स्क्रीनवर चालतात. तो कसा चालतो ते समजून घ्या. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेमध्ये चित्र फोन बनवतो, गाडीचा स्क्रीन ते फक्त दाखवतो. गाडी चालू लागली की स्क्रीनकडून फोनला निरोप जातो की आता मर्यादित गोष्टीच दाखव, आणि खरा फोन ते पाळतो. हा बॉक्स गाडीला मी फोन आहे असं सांगून आत शिरतो आणि तो निरोप पाळतच नाही. कंपनीच्या स्क्रीनमध्ये लॉक आहे असं समजून निर्धास्त राहू नका म्हणून हे सांगितलं, बॉक्स लावला की लॉक गेलं.

आता ड्रायव्हरला व्हिडिओ का नको ते पुण्याच्या रस्त्यावरच बघू. सिन्नरच्या पुढे रस्ता मोकळा मिळतो, ८० चा स्पीड सहज लागतो. ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. स्क्रीनकडे दोन सेकंद बघितलं की ४४ मीटर गाडी न बघता गेली, एवढ्यात उसाची ट्रॉली बिना रिफ्लेक्टरची समोर येते नाहीतर डिव्हायडरच्या फटीतून बाईकवाला आडवा घुसतो. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याने २०१३ मध्ये गाडीतल्या स्क्रीनसाठी जे मार्गदर्शन काढलं त्यात एका नजरेला दोन सेकंद आणि पूर्ण कामाला मिळून १२ सेकंद ही मर्यादा धरली होती, आणि रस्त्याशी संबंध नसलेला व्हिडिओ ड्रायव्हरला दिसूच नये असं वेगळं सांगितलं होतं. कारण मॅपचं काम संपतं, वळण कुठे ते कळलं की नजर परत रस्त्यावर येते. व्हिडिओचं काम संपतच नाही. मॅचमध्ये बॉलर धावत आलाय म्हटल्यावर बॉल पडेपर्यंत नजर हटत नाही, आणि हटली तरी मन तिकडेच राहतं. हलणाऱ्या चित्राकडे डोळा आपोआप जातो, मी बघणार नाही असं ठरवून उपयोग नसतो, रात्री तर अजिबातच नाही.

मी फक्त आवाज ऐकेन, बघणार नाही, असं म्हणणारे खूप भेटतात. मग समोर चित्र कशाला पाहिजे, रेडिओवर किंवा फोनवर कॉमेंट्री लावा ना. कॉमेंट्रीवाला ऐकणाऱ्यासाठी सगळं बोलून सांगतो. व्हिडिओतला माणूस अर्धंच बोलतो आणि अर्धं चित्रात असतं, म्हणून मान वळतेच.

२०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत टेम्पे नावाच्या गावात स्वतः चालणाऱ्या गाडीची टेस्ट चालू होती, आत लक्ष ठेवायला ड्रायव्हर बसवलेली होती, तिच्या फोनवर टीव्हीचा कार्यक्रम चालू होता. रस्ता ओलांडणाऱ्या बाईला गाडीने उडवलं, ती गेली. चौकशीत निघालं की ड्रायव्हरची नजर धडकेच्या जेमतेम एक सेकंद आधी रस्त्यावर आली होती. तिथे तर स्टिअरिंग गाडी स्वतः सांभाळत होती. आपल्याकडे मोहदरीच्या घाटात स्टिअरिंग, क्लच, गिअर सगळं आपणच सांभाळतो.

आणि शेजारच्या सीटवरचा माणूस बघेल हा पण मार्ग नाही. टेस्लाने मधल्या मोठ्या स्क्रीनवर चालू गाडीत शेजारच्याला गेम खेळू द्यायची सोय दिली होती, २०२१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत सुमारे ५ लाख ८० हजार गाड्यांची त्यावरून चौकशी लागली आणि कंपनीने चालू गाडीत ती सोय बंद केली. कारण साधं आहे, मधला स्क्रीन दोघांच्या मध्ये आहे, एकाला दाखवून दुसऱ्याला लपवता येत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडच्या २०१७ च्या ड्रायव्हिंगच्या नियमांत मॅप सोडून इतर व्हिडिओमुळे ड्रायव्हरचं लक्ष जाता कामा नये असं आहे. हातात मोबाईल धरून चालवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं, पहिल्याच वेळी १००० ते ५००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही.

आता मागचं काम. तुमचा स्टिरिओ बाहेरून बसवलेला असेल तर त्याच्या मागे बहुतेक वेळा व्हिडिओ आऊटची पिवळी पिन असते. ही पिन खास मागच्या स्क्रीनसाठी दिलेली असते आणि साधारणपणे समोरचं चित्र लॉक झालं तरी या पिनवर चित्र जात राहतं. म्हणजे ब्रेकची वायर नियमाप्रमाणे जोडलेली असताना पण पेन ड्राइव्हवरचा व्हिडिओ मागे दिसतो. दुकानात तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. पण खरं सांगू का, मी आता या पिनवरून पण लाईन ओढायला सांगत नाही. एक तर तिचं चित्र जुन्या टीव्हीसारखं मऊ येतं, दुसरं म्हणजे पुढच्या स्टिरिओवर जे लावाल तेच मागे दिसतं, मग पोरांचं गाणं बदलायला ड्रायव्हरलाच हात घालावा लागतो. त्यापेक्षा मागचे स्क्रीन समोरच्यापासून पूर्ण वेगळे ठेवा.

वेगळे म्हणजे कसे, तर कास्टिंग दोन प्रकारचं असतं आणि लोक दोन्हीला एकच नाव देतात म्हणून घोळ होतो. पहिल्या प्रकारात फोन स्क्रीनला फक्त सांगतो की हा व्हिडिओ लाव, आणि स्क्रीन किंवा त्याला लावलेली स्टिक स्वतःच इंटरनेटवरून तो ओढते. फोन नंतर बाजूला ठेवला तरी चालतं, पण स्क्रीनला हॉटस्पॉटचं नेट सतत लागतं. दुसऱ्या प्रकारात फोनचा डिस्प्ले जसाच्या तसा स्क्रीनवर जातो, म्हणजे फोनचा स्क्रीन पूर्ण वेळ चालू, फोन गरम, आणि आलेला प्रत्येक मेसेज पोरांसमोर. शिवाय पैसे भरून घेतलेल्या बऱ्याच अ‍ॅपचा व्हिडिओ असा पाठवला की आवाज येतो आणि चित्र काळं राहतं. लोक स्क्रीन खराब निघाला म्हणून परत आणतात, पण ते कॉपी थांबवायचं लॉक असतं, स्क्रीनचा दोष नसतो. स्वस्त अँड्रॉइड स्क्रीनवर तीच अ‍ॅप चालतात पण चित्र फार तर ४८० चं मिळतं, कारण त्या स्क्रीनला वरच्या दर्जाची परवानगी नसते. दहा इंचावर ते चालून जातं, पण फुल एचडी म्हणून जास्त पैसे देऊ नका.

नेटचा प्रश्न या रस्त्यावर कायम येतो. चंदनापुरीच्या घाटात रेंज कमीजास्त होते, मुंबईला समृद्धीने गेलात तर इगतपुरी-कसाऱ्याचा बोगदाच जवळपास ८ किलोमीटरचा आहे. डेटाचं म्हणाल तर ठीकठाक क्वालिटीला तासाला पाऊण जीबीच्या आसपास आणि एचडीला तीन जीबीपर्यंत धरा, दोन स्क्रीनवर वेगवेगळं चालू असेल तर दुप्पट. म्हणून घरच्या वायफायवर आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवणं सगळ्यात भारी. फक्त एक लक्षात ठेवा, फोनमध्ये डाउनलोड केलेला अ‍ॅपमधला व्हिडिओ पहिल्या प्रकारच्या कास्टिंगने बहुतेक वेळा जात नाही, कारण स्क्रीन स्वतः नेट शोधते. डाउनलोड त्या स्क्रीनवर किंवा टॅबवरच करायचं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. कास्ट करणारा फोन आणि हॉटस्पॉट, दोन्ही ड्रायव्हरचे नकोत. समजा तुम्ही चालवताय आणि तुमच्याच फोनवरून मागे चालू आहे. घाटात रेंज गेली, चित्र अडकलं, मागून आवाज येतो पप्पा अडकलं, पप्पा लावा ना. दोनदा दुर्लक्ष कराल, तिसऱ्यांदा हात फोनकडे जाणारच, मुलं रडायला लागली की कोणाचाही जातो. समोरचा स्क्रीन लॉक ठेवूनही मग ड्रायव्हर व्हिडिओत अडकलाच की. वायरलेस अँड्रॉइड ऑटो वापरत असाल तर अजून एक त्रास, फोनचं वायफाय गाडीच्या स्क्रीनला लागलेलं असतं, त्यात त्याच फोनचा हॉटस्पॉट चालू केला की पुष्कळदा दोन्हीपैकी एक तुटतं आणि ऐन वळणावर मॅप गायब होतो. म्हणून फोन आईंचा किंवा शेजारी बसणाऱ्याचा, रिमोट मागे, आणि अडकलं तर मागच्यांनीच बघायचं.

बसवण्याचं काम. हेडरेस्टच्या दोन दांड्यांना घट्ट बसणारा धातूचा क्लॅम्प घ्या, नुसत्या इलॅस्टिक पट्ट्याचा नको. पाठीमागून कोणी धडकलं की स्क्रीन क्लॅम्पमधून सुटून मागच्या पोराकडे येऊ शकतो, आणि समोरून धडक बसली तर बेल्ट नसलेलं पोर स्क्रीनवर जाऊन आपटतं, म्हणून स्क्रीन आहे म्हणजे मागचा बेल्ट लावायचाच. हातात धरलेला टॅब तर नकोच, अर्ध्या किलोचा टॅब ५० च्या स्पीडला धडक बसली की दहा किलोच्या आसपास जोराने पुढे फेकला जातो, आणि पुढे ड्रायव्हरची मान असते. वायर सीटच्या बाहेरच्या बाजूच्या शिलाईवरून नेऊ देऊ नका, बऱ्याच गाड्यांत साइड एअरबॅग तिथूनच फाटून बाहेर येते. वायर सीटच्या आतल्या बाजूने खाली, मग कार्पेटखालून, आणि सीट पूर्ण पुढे-मागे करून ती ताणत नाही ना ते बघून घ्या.

करंट फार लागत नाही, दहा इंची एका स्क्रीनला साधारण एक अँपिअर, अँड्रॉइडवाल्याला थोडा जास्त. पण स्टिरिओच्या वायरला टोचून घेऊ नका. फ्यूज बॉक्समधून चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या लाईनवरून, फ्यूज टॅप लावून, स्वतःचा ५ अँपिअरचा फ्यूज टाकून घ्या. कायम चालू असलेल्या लाईनवर दिलं तर चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरलेली सापडेल.

छताला लटकणारा मोठा स्क्रीन कोणी सुचवला तर तुमच्यासाठी नको म्हणेन. तो उघडला की आतल्या आरशातून मागची काच दिसत नाही, आणि आरशात ड्रायव्हरला तोच व्हिडिओ दिसत राहतो. हेडरेस्टच्या स्क्रीनचं पण रात्री मागच्या काचेत आणि आरशात चमकणं होतं, म्हणून संध्याकाळ झाली की ब्राइटनेस अर्ध्याच्या खाली. आवाजासाठी मुलांना ८५ डेसिबलची मर्यादा असलेले हेडफोन घ्या, म्हणजे पुढे ट्रकचा हॉर्न ऐकू येतो आणि तुम्हाला गोष्टीचा नाद पण लागत नाही. घाटात मुलांना मळमळलं तर स्क्रीन थोडा वर, डोळ्यांच्या उंचीला घ्या, मान खाली घालून बघितलं की जास्त होतं, आणि तरी होत असेल तर तो पट्टा पार होईपर्यंत बंदच ठेवा.

तर तुमच्यासाठी असं करा: दोन हेडरेस्टला दोन अँड्रॉइड स्क्रीन किंवा साधे टॅब, व्हिडिओ त्यांच्यातच डाउनलोड केलेले, कास्टिंग लागलंच तर आईंच्या फोनवरून, समोर फक्त मॅप आणि गाणी. गाडी ताब्यात घेताना दुकानाच्या बाहेर उभ्या उभ्या एक तपासणी करा. सपाट जागा बघा, ब्रेकवर पाय ठेवा, हँडब्रेक ओढा, समोर पेन ड्राइव्हवरचा व्हिडिओ लावा, चित्र दिसेल. मग पाय तसाच ठेवून हँडब्रेक खाली सोडा. चित्र जाऊन मेसेज आला आणि मीटरमधला लाल दिवा विझला तर काम बरोबर आहे. चित्र चालूच राहिलं तर वायर अर्थ केलेली आहे किंवा सेटिंग काढलेलं आहे. दिवा विझलाच नाही तर मूळ वायरच दाबलीय, तेव्हा गाडी तिथून हलवू नका, स्टिरिओ बाहेर काढून जोड उघडायला लावा. स्टिरिओ हँडब्रेकवर नाही तर स्पीडवर लॉक होणारा असेल तर उभ्या गाडीत हे कळणार नाही, मग शेजारी कोणाला तरी बसवून मोकळ्या गल्लीत दहा-पंधराच्या स्पीडने जा आणि चित्र गेलं का ते त्यांनाच बघायला सांगा.